सिस्टरचं 'काही होत नाही'

आमच्या शेजारच्या सुनेला सगळी गल्ली सिस्टर म्हणते. नवराही तेच म्हणतो. तो वायरमन आहे, आणि घरात काही बिघडलं की आधी तिला हाक मारतो. बारा खाटांच्या एका नर्सिंग होममध्ये ती नऊ वर्षं आहे. तिथले डॉक्टर थकले आणि त्यांनी नर्सिंग होम बंद करायचं ठरवलं. त्याच सुमारास मोठ्या रुग्णालयात स्टाफ नर्सच्या जागा निघाल्या. ही नोकरी मिळाली नाही तर जवळपास दुसरी नव्हती.

शाळेत मुलांना प्रश्न विचारण्यात माझं आयुष्य गेलेलं, म्हणून मुलाखतीची तयारी माझ्याकडे आली. पेशंट म्हणून तिच्या सासूबाईंची निवड झाली. त्या लगेच पलंगावर आडव्या झाल्या आणि उशी बदलून मागितली.

कामाच्या प्रश्नांत सिस्टर अडत नव्हती. ड्यूटी कशी घ्याल? आधीच्या सिस्टरबरोबर प्रत्येक खाटेपाशी जाऊन. सलाइन, नळ्या, ड्रेसिंग स्वतः बघायचं, कुठलं औषध राहिलंय ते विचारायचं, इमर्जन्सीची ट्रॉली तपासायची. दोन घंटा एकदम वाजल्या, एकाला पाणी हवंय, दुसऱ्याला धाप लागलीय? "धाप. पण पाणीवाल्याला जाताजाता सांगायचं, नाहीतर तो दर मिनिटाला वाजवतो."

मग रक्त चढवण्याचा प्रसंग घेतला. वायरमननं दुधाची पिशवी कपाटाच्या कडीला टांगली.

"मला खाज सुटलीय," सासूबाई म्हणाल्या. "थंडी वाजतेय."

सिस्टरनं पहिल्यांदा रक्त बंद केलं. सुई तशीच ठेवून नव्या नळीनं सलाइन लावलं, नाडी आणि बीपी बघितलं, डॉक्टरांना कळवलं, पिशवीवरचं नाव पेशंटच्या नावाशी पुन्हा ताडून पाहिलं, पिशवी आणि नळी रक्तपेढीकडे पाठवायला बाजूला ठेवली. सगळं बिनचूक. मग सासूबाईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "काही होत नाही हं."

"काही होत नाही, तर पिशवी का बंद केलीस?"

"अहो आई, पेशंटला धीर द्यायला म्हणतात तसं."

"मला होतंय! आणि तू म्हणतेस होत नाही. मी काय खोटं बोलतेय?"

वायरमन म्हणाला, "पेशंटचं बरोबर आहे."

मला आठवलं, हे वाक्य ती सगळ्यांना म्हणते. इंजेक्शनच्या आधी, टाके काढताना, माझ्या मोतीबिंदूच्या वेळीही म्हणाली होती. मलाही तेव्हा होतच होतं.

पुढच्या वेळी तिनं ते वाक्य गाळलं आणि गप्प राहून सगळं केलं.

"ही बोलत का नाही?" सासूबाई उठून बसल्या. "म्हणजे मी गेले!"

आठवडाभर पेशंट रोज आजारी पडला. शेवटी सिस्टरला जमलं: काय दिसतंय ते सांगायचं, आपण काय करतोय ते सांगायचं, आणि पुढे काय होणार ते सांगायचं. सासूबाईंनी पसंती दिली, पण उशीबद्दलची तक्रार मागे घेतली नाही.

मुलाखतीला एक मेट्रन होत्या आणि एक डॉक्टर. ऑपरेशन होऊन आलेला पेशंट तळमळतोय, नाडी वाढतेय, बीपी उतरतंय. काय कराल? ड्रेसिंगखाली आणि अंगाखालीही रक्त आहे का बघेन, सपाट झोपवेन, सर्जनना लगेच बोलावेन, सलाइन नीट चालू आहे ना पाहीन, पेशंटपाशीच थांबून पुन्हापुन्हा नाडी, बीपी घेईन आणि लिहीन.

"दारात त्याची बायको आहे," मेट्रन म्हणाल्या. "विचारतेय, बरे होतील ना?"

सिस्टरचं तोंड उघडलं, आणि मिटलं. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं.

"सांगेन की त्यांचं बीपी उतरलंय. सर्जनना बोलावलंय, ते येताहेत. मी यांच्यापाशीच आहे. डॉक्टर तपासतील आणि स्वतः तुमच्याशी बोलतील. तोवर तुम्ही इथं बसा, तुमच्याबरोबर कोण आहे?"

"बोलायच्या आधी का थांबलात?" मेट्रननी विचारलं.

"नऊ वर्षं एक वाक्य म्हणतेय. ते आत ढकलत होते."

मेट्रन हसल्या नाहीत. त्यांनी काहीतरी लिहिलं.

घरी सासूबाई दारातच उभ्या. "लागेल ना गं नोकरी?"

"आत्ता नाही सांगता येत, आई. सोमवारी यादी लागेल. बघितली की आधी तुम्हाला फोन करते."

"मी काय पेशंट आहे? बाई, सरळ म्हण की लागेल!"

ती म्हणाली नाही. रविवारी सासूबाई नीट जेवल्या नाहीत, आणि त्याचा दोष सगळ्यांनी माझ्यावर ठेवला.

यादीत तिचं नाव होतं. पहिल्या ड्यूटीच्या सकाळी ती चपला घालून उंबऱ्यातच उभी राहिली. तीस खाटांचा वॉर्ड, सगळी माणसं नवी. तिनं पिशवीचा बंद उगाच दोनदा बांधला.

सासूबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "काही होत नाही," त्या म्हणाल्या.

सिस्टरनं उलट प्रश्न केला नाही. मान डोलावली आणि निघाली.