सरळ रेषेची भीती

भित्र्या माणसाला भीतीचीच नोकरी मिळाली, तर तिला योगायोग म्हणायचं की शिक्षा, हे मी अजून ठरवलेलं नाही. नंदुरबारला जिल्ह्याच्या लसभांडारात माझी खुर्ची आहे. समोरच्या पडद्यावर प्रत्येक आरोग्य केंद्राच्या आयएलआरची, म्हणजे लसी ठेवायच्या फ्रिजची, तापमानाची रेष चालते. लस दोन ते आठ अंशांत राहिली पाहिजे. रेष बाहेर गेली की माझ्या आणि त्या केंद्राच्या फार्मासिस्टच्या फोनवर संदेश येतो.

सुरुवातीला तो फारच येई. मंगळवारी लसीकरणाचं सत्र असतं. सकाळी झाकण उघडायचं, उपकेंद्रांच्या सिस्टरांचे डबे भरायचे, झाकण लावायचं. तेवढ्यात आत गरम हवा शिरते आणि काटा आठच्या वर जातो. मग सगळ्या जिल्ह्याचे फोन एकदम किंचाळत. मी संदेशासाठी कावळ्याचा आवाज लावला होता. मंगळवारी माझ्या टेबलावर श्राद्धाचं वातावरण असे. शेजारचा कारकून हात जोडून विचारायचा, "आज कोणाचं?"

गंमत इथवरच. कारण प्रत्येक संदेशामागे केंद्राला लेखी खुलासा द्यावा लागे. 'झाकण उघडल्याने तापमान वाढले' हे वाक्य फार्मासिस्ट लोकांनी इतक्या वेळा लिहिलं की एकाने त्याचा शिक्काच करून घेतला. आणि मला भीती वाटायची ती याचीच. शंभर खोट्या कावकावींत एक खरी आली, तर तिच्यावरही तोच शिक्का पडणार होता.

साहेब म्हणाले, "तुम्हीच मर्यादा ठरवा. पण अंदाजाने नको, आकडे बघून."

मी तीन महिन्यांच्या नोंदी काढून बसलो. प्रत्येक केंद्राची रेष आठच्या वर किती गेली आणि किती वेळ राहिली, ते मांडलं. झाकणाचे चढ टेकडीसारखे होते, झटकन वर आणि अर्ध्या तासात खाली. खरा बिघाड मात्र वर जाऊन तिथेच मुक्काम करायचा. म्हणून मी ठरवलं, आठच्या वर सलग एक तास राहिली तरच संदेश. आणि रेष सातच्या खाली आल्याशिवाय तो मिटणार नाही, नाहीतर आठच्या उंबऱ्यावर आत-बाहेर करत ती तेच तेच संदेश पाठवत बसते. दोनच्या खालची मुदत मी थोडकी ठेवली, कारण काही लसी गोठल्या की वाया जातात. शिवाय प्रत्येक केंद्राची रोजची चाल काढून तिच्यापासून ते बरंच ढळलं तर मला एकट्याला सूचना येईल, असंही केलं.

कावळा जवळजवळ गप्प झाला. दिवसाला एखादा संदेश, तोही कामाचा. साहेबांनी मला चहा पाजला. मी नाटकातल्या राजासारखा खुर्चीत मागे रेललो. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका केंद्राची रेष तर इतकी देखणी होती की मी ती छापून भिंतीवर लावली आणि खाली लिहिलं, 'आदर्श केंद्र'. चार अंश, चार अंश, चार अंश. जणू कोणी पट्टी धरून ओढलेली.

पुढच्या मंगळवारी चहा पिता पिता भिंतीकडे पाहिलं, मग पडद्याकडे, आणि कप खाली ठेवला. पडद्यावर सगळ्या केंद्रांना सकाळच्या टेकड्या उगवल्या होत्या. त्या एकाला नव्हती. मागचा मंगळवार पाहिला, त्याच्या मागचा पाहिला. कुठेच नाही.

मी तिथल्या फार्मासिस्टला फोन लावला. "दादा, आज सत्र झालं का?"

"झालं ना भाऊ. चार डबे भरले. का?"

"काही नाही, सहज," मी म्हणालो आणि फोन ठेवला. चार डबे भरेपर्यंत झाकण उघडं, आणि आतला काटा हलत नाही. म्हणजे तो काटा लसीजवळ नव्हताच. मग लस किती अंशांत होती? आणि त्या केंद्राची रोजची चाल मी शिकलो होतो ती त्याच काट्याकडून. खोटं बोलणाऱ्यालाच मी खऱ्याचं माप विचारलं होतं.

फ्रिज दुरुस्त करणाऱ्या आमच्या मेकॅनिकला घेऊन जीपने निघालो. शहादा गेलं, म्हसावद गेलं. बाहेर ऊन इतकं की केळीची पानंही मिटल्यासारखी. माझ्या डोळ्यांसमोर पाड्यांवरची बाळं, आ करून थेंब घेणारी. मेकॅनिकने एकदा माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, तुम्ही घाबरी ऱ्हायनात का?"

"नाही."

"मंग पाय का हालस?"

केंद्रात पोचलो आणि फार्मासिस्टने काही विचारायच्या आत मी झाकण उचललं. सेन्सरची तार कोपऱ्यातल्या स्टीलच्या डब्यात गेली होती. डब्यात बर्फाचा पॅक, त्यावर फ्लॅनेलच्या दोन घड्या आणि त्यात गुंडाळलेला सेन्सर.

"एक घडी घातली तर दोनच्या खाली जातो," फार्मासिस्ट खाली बघत म्हणाला. "दोन घातल्या की बरोबर चार. रोज सकाळी पॅक बदलतो. खुलासे लिहून लिहून वैतागलो होतो भाऊ."

"आणि रजिस्टर? आतला थर्मामीटर दोन वेळा बघून लिहायचं असतं ना?"

"ते फोनवर दिसणाऱ्या तुमच्या रेषेवरूनच लिहायचो."

मेकॅनिकने टोपलीत आपला थर्मामीटर ठेवला आणि झाकणाच्या रबरावरून बोट फिरवलं. ते एका कडेला फाटलं होतं. थोड्या वेळाने थर्मामीटरकडे बघून तो म्हणाला, "अकरा अंश शे." मग माझ्याकडे वळला; माझ्या भिंतीवरचं 'आदर्श केंद्र' त्याने पाहिलेलं होतं. "तुन्हा कागद खोटा शे." तुम्हीचा तू झाला होता आणि तो मला मान्य होता.

पोलिओच्या बाटल्या बाहेर काढल्या. बाटलीवर एक गोल असतो आणि त्यात फिका चौकोन. उष्णता लागेल तसा चौकोन काळवंडतो, आणि गोलाइतका काळा झाला की लस टाकून द्यायची. मी बाटली खिडकीशी धरली. चौकोन आणि गोल एकाच रंगाचे होते. बाकीच्या लसींचे चौकोन फिके होते, पण पोलिओची एकही बाटली वाचली नव्हती.

"आज यातलीच दिली?" मी विचारलं.

उत्तर दारातून आलं. डबा परत करायला आलेली पाड्यावरची सिस्टर उभी होती. "मी नाही दिली. मागच्या मंगळवारीच यांना सांगितलं, चौकोन मला काळा वाटतो. हे म्हणाले, जिल्ह्याचा कॉम्प्युटर चार दाखवतो. मग मी शेजारच्या केंद्रातून आणली. आम्ही चौघींनी तिथलीच वापरली." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही तेच का, कॉम्प्युटरवाले?"

मी हो म्हणालो. तिने डबा टेबलावर ठेवला आणि मोकळ्या बाटल्या मोजायला लागली.

त्या रबराची दुरुस्ती त्याच दिवशी झाली. झाकणाच्या टेकडीचा खुलासा मागणं साहेबांनी बंद केलं. मी यंत्रात आणखी एक नियम घातला, सत्राच्या दिवशी रेष जागची हलली नाही, तर मला कळव. सत्र रद्द झालं तरी तो कधी कधी ओरडतो. मी फोन करून विचारतो आणि शिव्या खातो.

भिंतीवरचा चार्ट काढून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी साहेबांसाठी खुलासा लिहिला. तो माझ्याकडे कोणी मागितला नव्हता. अजूनही मंगळवारी सकाळी चहा गार होऊ देऊन मी टेकड्या मोजत बसतो, आणि शेवटची उगवेपर्यंत माझा पाय टेबलाखाली हलत असतो.