बळवंतरावांचा शब्द

बळवंतरावांचं मरणाच्या अंथरुणावरच्या वडिलांशी झालेलं शेवटचं भांडण मी अंगणातून ऐकलं होतं. धाकट्या बहिणीनं, पार्वतीनं, धारच्या मालवी मुलाशी लग्न केलेलं.

“तिच्या दारात पाऊल टाकणार नाहीस, शब्द दे.”

“बाबा, बहीण आहे.”

“मग मी कोण?”

बळवंतरावांनी शब्द दिला.

बळवंतराव देवासच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत. रिटायर झाल्यावर स्पर्धा परीक्षेची मुलं त्यांच्या ओसरीवर नीतिशास्त्राला बसत. मी शेजारीण, तिथंच बसून मटार सोलायची; दोन इयत्ता शिकलेलीच्या कानात जेवढं पडेल तेवढं पडायचं.

“‘दिलेलं वचन नेहमी पाळावं.’ हे तपासायचं कसं? वचन खरंच दिलेलं हवं, आणि ते पाळणं उघड चूक हवं. तत्त्व पाडायला असा एक प्रसंग पुरे.”

मनन म्हणाला, “सर, लोक तर मोडतातच.”

“मोडतात म्हणून ते बरोबर होतं का, भिया?”

शिवांगी म्हणाली, “मी मैत्रिणीला बोलले होते, जमलं तर येईन. नाही गेले.”

“मग मोडलं काय? जमलं नाही, संपलं.” मग स्वतःच सांगितलं, “मित्राला टेकडीवर भेटायचं कबूल केलंय. वाटेत म्हातारी कोसळली, जवळ दुसरं कुणी नाही, कळवायला फोनही नाही. थांबलो तर वचन मोडतं. तरी थांबायलाच हवं. ‘नेहमी’ पडलं. पण म्हणून वचनं पाळूच नयेत, असं ठरत नाही हं. आणि पडलेल्या तत्त्वाला ‘ते खरं वचनच नव्हतं’ असा टेकू द्यायचा नाही.”

माझ्याकडे बघून हसले. “काय काकू, पटतंय?”

“म्हातारीला उचला आधी,” मी म्हटलं.

तेवढ्यात फोन वाजला. पार्वतीची मुलगी रुची होती. आवाज सगळ्यांना ऐकू गेला. “मामा, आई जास्त दिवस नाही. तुम्हाला बघायचंय म्हणते.”

“बाबांना शब्द दिलाय, बेटा.” फोन ठेवला.

शिवांगी हळूच म्हणाली, “सर, हेच उदाहरण घेतलं तर?”

“हे वेगळं आहे. मरणाऱ्याला दिलेलं ते साधं वचन नव्हे, ते ऋण असतं.”

“पण सर, टेकू द्यायचा नाही म्हणालात ना तुम्हीच?”

त्यांनी चष्मा पुसला. “बरोबर आहे तुझं. पडलं तत्त्व,” म्हणाले, आणि मुलांना सुट्टी दिली.

मी म्हटलं, “धारची बस पकडा आता.”

“कळलं म्हणजे पाय उचलतात असं नाही, काकू.”

आठवड्यात पार्वती गेली. तेराव्यालाही हे ओसरीवरच.

दर भाऊबीजेला ते पार्वतीच्या नावानं बागप्रिंटची, तिच्या धारकडच्या छपाईची, साडी घेत आणि टेकडीवर देवीला देऊन येत. दारात जायची मनाई, साडी घ्यायची नव्हती ना. मास्तर माणूस, फट बरोबर शोधली. मी एकदा म्हटलं होतं, देवीला साड्यांची कमी नाही.

या भाऊबीजेलाही गेले. पार्वती नव्हती, तरी लाल किनारीची घेतली, तिच्या आवडीची. देवीला दिली, प्रसाद माझ्या हातावर ठेवला, आणि पडतो जरा म्हणून आत गेले. उठले नाहीत.