दाखवण्यापुरता चढवलेला शाफ्ट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या वर्कशॉपात लेथवर कातकाम करणाऱ्या टर्नरला ठाऊक आहे, बाकी कुणाला नाही. कुंभारी गावच्या गिरणीवाल्या बाईंचा शाफ्ट आमच्या लेथवर कितीदा तरी चढला, पण त्याला कातायचं टूल एकदाही लागलं नाही.

बेअरिंगची जागा झिजली होती. ती वेल्डिंगनं भरून झाली होती, आता फक्त कातून मापात आणायची. अर्ध्या दिवसाचं काम. तोवर त्यांची पिठाची गिरणी बंद. मी शनिवार सांगितला. तोच शनिवार एका साखर कारखान्याच्या बुशांनाही, म्हणजे शाफ्टभोवती बसणाऱ्या धातूच्या नळ्यांनाही, दिला होता, आणि मोठा लेथ माझ्याकडे एकच.

गाळप तोंडावर आलं म्हणून कारखान्याचा स्टोअरवाला फोनवर वाट्टेल ते बोलायचा. त्याला उलट बोलायची माझी हिंमत नव्हती. ती कसर मी टर्नरवर काढायचो. बाईंचा 'निघालेय' म्हणून फोन आला की अर्धा कातलेला बुश उतरवायला लावायचो आणि तिथं शाफ्ट चढवायचो. आपलं काम मशीनवर बघून बाई शांत व्हायच्या. काल लाईट नव्हती, मी सांगायचो. त्यांची पाठ वळली की पुन्हा बुश वर, पुन्हा डायल लावून तो बरोबर मधोमध फिरेपर्यंत सेंटर काढत बसायचं. या चढउतारीत गेलेल्या तासांत तो शाफ्ट होऊन वर वेळ उरला असता. हे मला तेव्हाही कळत होतं. आज त्याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

शेवटी टर्नर फडकं आपटून म्हणाला, "मालक, फुडच्या बारीला तुमीच चढवा. माज्यानं ह्ये नाटक व्हत न्हाय."

पुढच्या वेळी मीच चढवला. बाईंनी वेल्डिंगवर बोट फिरवलं.

"दादा, ही गाठ मागल्या बारीलाबी हितंच टोचली हुती."

मी लाईटचं काढलं.

"लाईट तुमच्याकडं न्हाय, आन् शेजारच्या शेडमदी हाय व्हय? नुसती तारीख खरी सांगितली असती तर मी दुसरीकडं गेले असते की. गिऱ्हाईक कवाच दुसऱ्या गिरणीला लागलंय माजं."

शाफ्ट त्यांनी रिक्षात घालून नेला. दारात दोन-तीन गिरणीवाले उभे होते. मी संतापलो होतो, आणि त्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "भांडखोर बाई आहे. हिचं काम कुणी घेऊ नये."

त्यांनी ते जातील त्या वर्कशॉपात सांगितलं. त्यानंतर दोन वर्कशॉपनी बाईंना दारातूनच परत पाठवलं, हे टर्नरनं मला सांगितलं.

ते गिरणीवाले अजून माझ्याकडे काम आणतात. बाई भांडखोर नव्हत्या, खोटं मी बोलत होतो, हे त्यांना आणि त्या दोन वर्कशॉपवाल्यांना तोंडानं सांगण्याचं देणं मी अजून लागतो.