दसऱ्याची डोळेतपासणी

माझं अक्षर वाकडं आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकतील. चौथीनंतर शाळा सुटली आणि आता एकाच डोळ्याने लिहिते, त्यामुळे शब्द रेघेवर राहत नाहीत. कुणी वाचावं म्हणून हे लिहीत नाही, पण वही कुणाच्या हाती लागलीच तर माफ करावं.

आमच्या हुपरीत घरोघरी चांदीचं काम. शेठ चांदी देतो, पुरुष तार ओढतात, आम्ही बायका पैंजणाच्या कड्या जोडतो, घुंगरू लावतो. कडी मोहरीएवढी. आमच्या घरात माझा हात सगळ्यात बारीक होता.

मला शुगर निघाली त्याला पाच वर्षं झाली तेव्हा डॉक्टरांनी कोल्हापूरला डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, आत दिव्याने बघितलं. म्हणाल्या, "साखरेनं मागच्या पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या कमजोर झाल्यात. एक-दोन ठिकाणी फुगल्यात, जरा झिरपतंय. आज उपचार नको. पण हे दुखत नाही, नजरही कमी होत नाही, म्हणून कळत नाही. दर वर्षी थेंब घालून बघायचंच."

थेंबांमुळे संध्याकाळपर्यंत जवळचं धूसर दिसत होतं. तरी घाईचा माल होता म्हणून मी कामाला बसले आणि एक जोड पूर्ण वाया घालवला. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "चांगल्या डोळ्यानं गेली आन् आंधळी होऊन आली. पुन्हा जायाचं न्हाय."

पुढच्या वर्षी तपासणीची तारीख दसऱ्याच्या आसपास आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा झाल्यावर आत्तींनी काळं फडकं अंथरलं, त्यावर सगळ्यात बारीक पन्नास कड्या सांडल्या आणि चिमटा माझ्या हातात दिला. मी पन्नासच्या पन्नास उचलल्या.

"झाली की तपासणी. डॉक्टरीन आनी काय येगळं बघतीया?"

माझे मालक, म्हणजे नवरा, म्हणाले, "आमची आई फी बी घेत न्हाय."

सगळे हसले. मीपण हसले. खरं सांगायचं तर मला अभिमान वाटला होता. असे तीन दसरे झाले.

त्यानंतरच्या पावसाळ्यात भाकरी थापताना उजव्या डोळ्यासमोर काजळीचे धागे तरंगायला लागले. दुपारपर्यंत सगळं लालसर-काळं झालं. आत्ती म्हणाल्या, "कामाचा कटाळा आला की असं पडदं येत्यात." त्यात आठ दिवस गेले.

कोल्हापूरला डॉक्टरबाईंनी जुना कागद बघितला. "तीन वर्षं कुठं होता?"

मालकांनी कड्यांचं सांगितलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "कडी दिसते ती पडद्याच्या मधल्या भागानं. तो शेवटपर्यंत चांगला राहू शकतो. कडेच्या वाहिन्या बुजत गेल्या, रक्त मिळेना म्हणून तिथं नवीन वाहिन्या उगवल्या. त्या फार नाजूक असतात. त्यातली एक फुटली, रक्त डोळ्यात पसरलं. पडदाही ओढला गेलाय. वेळेवर लेझर केला असता तर बहुतेक वाचला असता."

ऑपरेशन झालं. उजव्या डोळ्याला आता फक्त उजेड-अंधार कळतो. डाव्यातही तशाच वाहिन्या उगवायला लागल्या होत्या. त्याला लगेच लेझर हवा होता.

"एक डोळा हाय की," आत्ती म्हणाल्या. मालक खाली बघून म्हणाले, "आधी ऑपरेशनचं फिटू दे."

तेव्हापासून आत्ती माझं ताट मुद्दाम उजव्या बाजूला सरकवायच्या. मी चाचपडले की पोरांना दाखवायच्या. "बघा रं, आंधळी कोशिंबीर." माझी स्वतःची पोरं हसायची.

मी कधी शेठपुढे मान वर केली नव्हती. त्या आठवड्यात एकटी गेले आणि लेझरसाठी उचल मागितली.

"एका डोळ्याची कारागीर," तो दुकानातल्या गिऱ्हाइकांदेखत म्हणाला. "देतो. पर मजुरी निम्मी, त्यातनं हप्ता कापनार. माल बिघडला तर तुझ्या अंगावर. चालंल?"

"व्हय," म्हटलं.

लेझर तीन खेपांत पूर्ण झाला. डावा डोळा टिकला. डॉक्टरबाई बोलावतात तेव्हा एसटीने जाते, थेंब घालून घेते. त्या दिवशी चिमट्याला हात लावत नाही. आत्ती दिवसभर बोलत राहतात. मी उन्हाचा काळा चष्मा घालून ऐकत बसते.

उचल फिटायला दीड वर्ष लागलं. परवा शेठने शेवटचे चारशे कापले आणि माझ्या नावावर आडवी रेघ ओढली.

"फिटलं. मजुरी मातर निम्मीच ऱ्हानार. डोळा काय नवा आला न्हाय."

मजुरीचं मी काही बोलले नाही. पैसे सगळे फिटले, एवढं मात्र त्याच्याकडून पुन्हा एकदा, दुकानातल्या सगळ्यांदेखत, मोठ्याने म्हणवून घेतलं.