दुसऱ्या पानावर मथळा नाही

अंधेरीच्या त्या ऑफिसातून शूटिंगचं सामान भाड्याने जायचं. पीडीएफमधल्या सामानाच्या याद्या एक्सेलमध्ये आणून ए-फोर कागदावर बसवायची तेजल, आणि मॅडमपुढे ‘मी केलं’ म्हणून मिरवायचा अनिरुद्ध. तेजल भांडली नाही, पण तिने डूख धरला.

पुढची फाइल त्याला देताना तिने कॉलमच्या मथळ्यांची ओळ प्रत्येक पानावर छापायची सेटिंग काढली, प्रत्येक विभाग नव्या पानावर नेणारे पेज ब्रेक पुसले आणि एक कॉलम रुंद केला. स्क्रीनवर बघून कुणाला शंका आली नसती.

मीटिंगमध्ये प्रिंट वाटल्या. दुसऱ्या पानापासून कुठला आकडा कशाचा ते कळेना, आणि भाड्याचा कॉलम तर वेगळ्याच पानांवर गेलेला.

“अनिरुद्ध, तूच केलंस ना? मग इथेच नीट कर,” मॅडम म्हणाल्या.

तो मेनू उघडत-मिटत राहिला. शेवटी पुटपुटला, “तेजल, जरा बघ ना गं.”

“तुझं काम आहे रे. मी कशी हात लावू?”

मॅडमना काय ते उमगलं. त्यांनी लॅपटॉप तेजलकडे सरकवला. तिने सगळं पूर्ववत केलं, पण मुद्दाम सावकाश, अनिरुद्धला शेवटपर्यंत उभं राहून बघावं लागेल असं.

आता याद्या तिच्या नावाने जातात. अनिरुद्ध तिच्याशी बोलत नाही, आणि तिला त्याचं सोयरसुतकही नाही.