शालिकरामजींनी नाकारलेला अर्ज

शालिकरामजी शेतीचे विस्तार अधिकारी. बोंडअळी कोणत्या दिवशी पडेल हे ते सांगायचे, पण ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत त्यांना निवडणूक निर्णय अधिकारी करून बसवलं. आपल्याकडे हे असंच चालतं. ज्याला जे येतं, ते त्याला करू देत नाहीत.

मी अमरावतीचा वकील. त्यांची माझी ओळख झाली ती त्यांच्या चुकीमुळे.

छाननीच्या दिवशी तहसीलच्या दालनात चार गावांचे उमेदवार दाटीवाटीने उभे होते. रागिणी नावाच्या एका तरुणीचा अर्ज आला. शालिकरामजींनी मतदार यादी पाहिली, नाव नाही. ती म्हणाली, "साहेब, माहं नाव पुरवणी यादीत हाये. पाच मिनिटं पाहून घ्या ना." पुरवणी यादी दुसऱ्या प्रभागाच्या गठ्ठ्यात टाचली गेली होती. समोर रांग वाढलेली, पाठीमागून कोणीतरी ओरडत होतं. "मतदार नाही, अर्ज नामंजूर," असं लिहून त्यांनी सही केली आणि पुढचं नाव पुकारलं.

दुसऱ्या दिवशी गठ्ठे लावताना ती यादी सापडली. नाव होतं. रागिणीचंच, वडिलांच्या नावासकट.

शालिकरामजी धावत तहसीलदारांकडे गेले. "सही झाली ना? मग संपलं. आता तुमाले फिरवता येत नाही आन मलेबी नाही," तहसीलदार म्हणाले. हे चूक नव्हतं. छाननीत दिलेला निर्णय अधिकाऱ्याला स्वतःला बदलता येत नाही.

रागिणी माझ्याकडे आली तेव्हा तिला पद नको होतं, एसटी हवी होती. संध्याकाळची गाडी बंद झाल्यापासून गावातल्या मुली कॉलेजातून परत येऊ शकत नव्हत्या. तिची धाकटी बहीण अपेक्षा बारावीत अडकून घरी बसली होती. आगार म्हणत होतं, ग्रामपंचायतीचा ठराव आणा. जुने सदस्य ठराव करत नव्हते, म्हणून हिला सदस्य व्हायचं होतं.

मी सांगितलं, नागपूरला उच्च न्यायालयात जाऊन उपयोग नाही. निवडणूक म्हणजे फक्त मतदानाचा दिवस नव्हे. अधिसूचनेपासून निकालापर्यंत सगळी एकच निवडणूक, आणि ती सुरू झाली की न्यायालयाने मध्ये हात घालायचा नाही, असं घटनेतच लिहिलंय. अर्ज नाकारला जाणं हासुद्धा तिचाच भाग. निवडणूक घेण्याचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाचा, आणि तक्रार निकालानंतर. ती चिडली. "म्हणजे चूक दिसून राहिली, तरी कोणी बोलाचं नाही?" तिच्या हट्टापायी आम्ही गेलो. उच्च न्यायालयाने दहा मिनिटांत याचिका फेटाळली. चूक झाली की नाही हे आत्ता पाहणार नाही, निकालानंतर दिवाणी न्यायाधीशांपुढे निवडणूक याचिका करा, म्हणाले. नियमाला कारण आहे, हे मलाही मान्य आहे. प्रत्येक अर्जावर कोर्ट बसलं तर मतदान कधी होणारच नाही. पण कारण मान्य असून राग जात नाही.

मतदान झालं. त्या प्रभागातून माणिकबाई निवडून आल्या. निकालापासून पंधरा दिवसांच्या आत आम्ही याचिका दाखल केली.

तारखा पडत गेल्या. शालिकरामजी निवृत्त झाले. तारखांना भेटून ओळख वाढली होती; त्यांच्या घरी गेलो तर ते पंख्याखाली भिंतीकडे पाहत बसलेले असायचे. बायको चहा आणून ठेवायची आणि तो तसाच निवायचा. "मले काहीच वाटत नाही, वकीलसाहेब," ते म्हणायचे. "पहिले झोप लागत नव्हती. आता लागते. तेच वाईट."

साक्षीला ते सरकारच्या बाजूने बोलावलेले होते. मी विचारलं, पुरवणी यादी पाहिली होती का. सगळे साहेब सांगतात तसं आठवत नाही म्हटलं असतं, तर कोणी काही करू शकलं नसतं. ते म्हणाले, "नाही पाहिली. तिनं सांगितलं होतं. चूक माही हाये." सरकारी वकील कपाळाला हात लावून बसले. शालिकरामजींचा आवाज हललासुद्धा नाही, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल बोलत होते.

तीन वर्षांनी निकाल लागला. अर्ज चुकीने नाकारला, त्या जागेची निवडणूक रद्द. पोटनिवडणूक लागली. मी शालिकरामजींना घेऊन गावात गेलो. रागिणीला स्वतः सांगायचं, हा त्यांचा हट्ट होता.

रागिणी दारात ज्वारी पाखडत होती. ऐकून तिने सूप खाली ठेवलं, आम्हाला पाणी दिलं.

"तुमी खरं बोलले, साहेब. तुमचे उपकार हायेत." मग म्हणाली, "पण आता मी कोनासाठी उभी राहू? अपेक्षाचं लगन करून देलं मागच्या वर्षी. तिकडं अकोल्याकडं. बारावी नाहीच झाली तिची."

शालिकरामजींनी पाण्याचा पेला हातात धरला होता. तो त्यांनी प्यायला नाही आणि खालीही ठेवला नाही. मग पहिल्यांदाच, तीन वर्षांत पहिल्यांदाच, ते रडले.