मामाच्या बायोडेटाची दोन पानं

मामाच्या घरी मिठाच्या बरणीवर ‘मीठ’ अशी चिठ्ठी होती. बरणी काचेची, आतलं मीठ ढळढळीत दिसतंय, तरी चिठ्ठी. मामी म्हणायची, “एक दिवस माझ्याही कपाळावर चिकटवतील. बायको, नग एक.” मामा हसायचा आणि बरणीची चिठ्ठी अंगठ्याने दाबून सरळ करायचा.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात तेवीस वर्षं स्टोअरकीपर होता. तिथे प्रत्येक खणाला एक कार्ड बांधलेलं असायचं. वर वस्तूचं नाव, खाली तारीख, आवक, जावक, शिल्लक. कार्डावर जे नाव तेच रजिस्टरात, तेच माल देण्याच्या चिठ्ठीवर. कुणी कामगार ‘ती गोल चकती द्या’ म्हणाला तर मामा त्याला उभा ठेवायचा. “नाव सांग, मग माल घे.” मला म्हणायचा, “एका वस्तूला दोन नावं दिली की ती दोनदा मागवली जाते, आणि गरजेच्या दिवशी एकदाही सापडत नाही.” मी मनात म्हणायचे, झालं याचं प्रवचन सुरू.

कारखाना बंद पडला तेव्हा मामा एक्कावन्न वर्षांचा होता. आठ महिने तो घरी बसला. घरातल्या सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या लावून झाल्या, मग शेजाऱ्यांच्या स्क्रूंचे डबे लावून दिले. तेवढ्यात औषधांचं एक मोठं गोदाम सुरू होत असल्याची जाहिरात आली. स्टोअरकीपर हवा, अनुभवी. बायोडेटा मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही. मालक मराठी पान वाचायचे, मुख्य कचेरीतले मॅनेजर इंग्रजी. मामी म्हणाली, “या वयात परत अशी जागा निघायची नाही.” तिचं खरं होतं.

माझं टायपिंगचं दुकान. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, बायोडेटा, लग्नपत्रिकेचे मजकूर, सगळं. माझ्या इंग्रजीचा मला भारी अभिमान. शाळेत निबंधाच्या बाईंनी शिकवलं होतं की तोच शब्द परत परत वापरू नये, वाचणाऱ्याला कंटाळा येतो. ती शिकवण मी तीस वर्षं देवघरातल्या देवासारखी जपली होती.

मामा आला तो कारखान्याचं अनुभवपत्र आणि हाताने लिहिलेला एक कागद घेऊन. कागदावर पट्टीने आखलेले दोन रकाने. डावीकडे अनुभवपत्रातला इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी. स्टोअरकीपर – भांडारपाल. आवक, जावक, साठा तपासणी, प्रत्येकापुढे एकच शब्द.

“यातलेच शब्द घे,” तो म्हणाला. “दोन्ही पानांवर, सगळीकडे.”

“मामा, हे तुझं गोदाम नाही. बायोडेटात जरा वजन लागतं.”

मी कागद खणात टाकला आणि कामाला लागले. इंग्रजी पानाच्या डोक्यावर लिहिलं ‘स्टोअर्स इन-चार्ज’, कारण ते ठसठशीत दिसतं. खाली अनुभवात ‘स्टोअरकीपर’. मराठी पानावर थेट ‘भांडार व्यवस्थापक’. साठा तपासणी एका जागी ‘मालमोजणी’ झाली, दुसऱ्या जागी ‘साठा नियंत्रण’. तारखा सोडल्या तर दोन पानं एकमेकांना ओळखत नव्हती. मला मात्र वाटलं, काय झकास झालंय.

मामाने मराठी पान दोनदा वाचलं. “व्यवस्थापक? मी कधी होतो व्यवस्थापक?”

“आजकाल असंच लिहितात रे. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं!”

“पत्रात तसं नाही.”

“पत्र कोण वाचतंय?”

“तू शिकलेली आहेस,” तो म्हणाला, आणि ‘वरील सर्व माहिती खरी आहे’ या ओळीखाली त्याने दोन्ही पानांवर सही केली. सही करताना त्याने पेन एकदा उचललं होतं. ते मी पाहिलं, आणि तरी फोनवरच्या गिऱ्हाइकाशी बोलत राहिले.

मुलाखतीहून आल्यावर त्याने सांगितलं, “त्यांना तरुण माणूस हवाय.” मी गोदामवाल्यांना यथेच्छ शिव्या दिल्या. मामा मान खाली घालून चहा पीत होता.

तीन आठवड्यांनी त्याच गोदामाच्या कचेरीतल्या एक बाई माझ्याकडे लेटरहेड छापायला आल्या. गप्पिष्ट होत्या. प्रूफ निघेपर्यंत गंमत सांगू लागल्या. “अहो, एक जण आला होता. कामाचा माणूस, विचारलं ते सगळं पाठ. मालक तर घ्यायलाच निघाले होते. मग मॅनेजरसाहेबांनी दोन्ही पानं शेजारी ठेवली. एकीकडे इन-चार्ज, एकीकडे व्यवस्थापक, पत्रात स्टोअरकीपर! साहेब म्हणाले, व्यवस्थापक होता ना, मग हाताखाली किती माणसं? तो म्हणाला, कोणी नाही, मी एकटा. साहेब म्हणाले, औषधांचा साठा आहे, कागदावर फुगवणारा माणूस नको.”

“मग तो काय म्हणाला?” मी विचारलं. माझे हात कीबोर्डावर तसेच होते.

“आम्ही विचारलं, हे कुणी लिहून दिलं? तर म्हणाला, सही माझी आहे.”

त्या हसल्या. मीही हसले. हसण्याची मला आजही लाज वाटते. त्या गेल्यावर खण उघडला, तळाशी दोन रकान्यांचा कागद होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण इथे शहाणपण माझं आणि रिकामा राहिला मामा.

त्या दुपारी मी दोन्ही पानं नव्याने केली. अनुभवपत्रात जो हुद्दा तोच इंग्रजी पानावर, वरही आणि खालीही. मराठीत सगळीकडे भांडारपाल, आणि पहिल्यांदा येतो तिथे ‘भांडारपाल, म्हणजे स्टोअरकीपर’, म्हणजे कुणाला शंका नको. इंग्रजी पानावर तिसरी ओळ साठा तपासणीची, तर मराठीतही तिसरी तीच. मामाचा कागद शेजारी ठेवून एकेक शब्द ताडून पाहिला. मग घेऊन गेले.

मामाने दोन्ही पानांवरून बोट फिरवलं. “आता जुळतंय,” म्हणाला. त्याचा चेहरा खुलला. मला सगळं कळलंय हे त्याला समजलं होतं. माफी मागायला तीच वेळ होती. मी म्हणाले, “पाठव हं कुठेतरी.” एवढंच म्हणाले.

जागा भरून गेली होती. दुसरी तशी निघाली नाही. मामा कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे-स्क्रू लावायला बसू लागला आणि सहा वर्षं बसला. आता माझ्या दुकानात कुणी बायोडेटा करायला आलं की आधी दोन रकाने आखायला लावते. लोक कुरकुरतात. पण रकाने भरेपर्यंत मी टायपिंगला हात लावत नाही.

मामा गेल्यानंतर मामीसोबत त्याचं कपाट आवरत होते. एका खणात ती दोन पानं होती, प्लास्टिकच्या पिशवीत, एकही घडी न पडलेली. पिशवीला दोऱ्याने कारखान्यातलं जुनं कार्ड बांधलेलं होतं. वर मामाच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘बायोडेटा, दुरुस्त’. खाली मी पानं दिली त्या दिवसाची तारीख. आवक एक. जावक शून्य. शिल्लक एक.